मुलाखतीतले गुण एकाच मापाने

मुलाखतीच्या गुणपत्रकात उमेदवाराला कोणत्या निकषांवर आणि कोणत्या उत्तराला किती गुण द्यायचे, हे मुलाखतीआधीच लिहून ठेवलेले असते. ‘व्यक्तिमत्त्व’ किंवा ‘आत्मविश्वास’ असे मोघम रकाने ठेवले की प्रत्येक परीक्षक त्यांचा आपापला अर्थ लावतो. म्हणून निकष नेहमी कामातून काढावे लागतात.

पतसंस्थेतल्या रोखपालाचे पद घेऊ. हे काम करणाऱ्यांना आणि त्यांच्या शाखाधिकाऱ्यांना विचारले की कुठे चुका होतात आणि चांगला रोखपाल अशा वेळी काय करतो, हे कळते. त्यातून चार-पाच निकष पुरतात. त्यांतला एक म्हणजे रोखीतला प्रामाणिकपणा. त्यासाठी सर्व उमेदवारांना एकच प्रश्न: ‘दिवसअखेर रोख ५०० रुपयांनी कमी भरली, तर काय कराल?’

गुण १ ते ५. खिशातून पैसे भरून गप्प बसणाऱ्याला १. पुन्हा मोजून व्हाउचर तपासणाऱ्या, पण तफावत दुसऱ्या दिवशी सांगणाऱ्याला ३. हे सर्व करून त्याच संध्याकाळी शाखाधिकाऱ्यांना कळवणाऱ्या आणि लेखी नोंद करणाऱ्याला ५. मधल्या उत्तरांना २ किंवा ४. असे नमुने लिहिलेले असले की ‘चांगले उत्तर’ कशाला म्हणायचे, यावर वाद उरत नाही.

प्रत्येक परीक्षक उमेदवाराचे शब्द टिपून घेतो आणि एका निकषाचे गुण लिहूनच पुढच्याकडे वळतो. मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन यांनी १९५०च्या दशकात इस्रायली सैन्यभरतीसाठी हीच शिस्त घालून दिली होती. तिच्यामुळे एका चांगल्या उत्तराची छाप बाकीच्या गुणांवर पडणे कमी होते. सर्वांचे गुण लिहून होईपर्यंत आपसात चर्चा करायची नाही, नाहीतर वरिष्ठांचे मत तेच सर्वांचे होते.

समजा, वरच्या प्रश्नाला एकाने ५ दिले, दुसऱ्याने २. दोन किंवा अधिक गुणांचा फरक पडला की दोघांनी आपली टिपणे वाचून दाखवायची. उमेदवार म्हणाला होता, ‘पुन्हा मोजेन, नाही जुळले तर माझे पैसे भरून उद्या साहेबांना सांगेन.’ पहिल्याने फक्त ‘साहेबांना सांगेन’ एवढेच टिपले होते. नमुन्यांशी ताडून पाहिल्यावर २ गुण योग्य ठरतात. गुणांची सरासरी काढून ३.५ दिले असते, तर चूक झाकली गेली असती.

गुणपत्रक बिघडल्याची लक्षणे त्याच्यातच दिसतात. सगळ्यांना सगळीकडे ३ मिळत असतील, तर नमुने पुसट आहेत. एकाच उमेदवाराचे सर्व निकषांवरचे गुण सारखे असतील, तर बहुधा एकूण छापच मोजली गेली आहे. एक परीक्षक कायम हात आखडता घेत असेल, तर भरतीआधी सर्वांनी एका सरावाच्या मुलाखतीला गुण देऊन आपापले माप जुळवून घ्यावे.

मात्र नोटा मोजण्याचा वेग किंवा बेरजेतली अचूकता कोणत्याही प्रश्नोत्तरांतून कळत नाही. त्यासाठी उमेदवाराला प्रत्यक्ष नोटा मोजायला आणि हिशेब करायलाच बसवावे लागते.