कांजिण्यांची चिठ्ठी पहिल्याच दिवशी

‘प्रकृती बरी नसल्यामुळे माझा पाल्य आठ दिवस शाळेत येऊ शकला नाही, तरी क्षमा असावी.’ अशा चिठ्ठ्या प्रत्येक शाळेत येतात. बहुतेक वेळा त्या बऱ्या झालेल्या मुलाच्या दप्तरातूनच येतात. साध्या सर्दीतापात त्याने काही बिघडत नाही. कांजिण्यांच्या बाबतीत मात्र ही चिठ्ठी फार उशिरा पोचलेली असते.

समजा, तिसरीतल्या एका मुलाच्या पाठीवर सोमवारी, 5 जानेवारीला सकाळी पाण्याने भरलेले पहिले फोड दिसले आणि डॉक्टरांनी कांजिण्या असल्याचं सांगितलं. पुरळ दिसण्याआधीचे एक-दोन दिवसही मूल संसर्ग पसरवू शकतं. म्हणजे शनिवारी, 3 तारखेला तो वर्गात खेळत-बागडत होता, तेव्हाच त्याच्याकडून आजार इतरांकडे गेला असण्याची शक्यता आहे. ज्यांना लागण झाली, त्यांच्या अंगावर पुरळ यायला 10 ते 21 दिवस लागतात. त्यामुळे वर्गातली पुढची मुलं साधारण 13 ते 24 जानेवारीच्या दरम्यान आजारी पडतील, ऐन संक्रांतीच्या तिळगुळाच्या दिवसांत.

मधला हा काळ शाळेच्या हातात असतो, पण तो झपाट्याने संपतो. ज्या मुलाला कांजिण्या झालेल्या नाहीत आणि लसही मिळालेली नाही, त्याला संपर्कानंतर तीन ते पाच दिवसांत लस दिली तर आजार टळू शकतो किंवा सौम्य होतो. इथे ती मुदत 8 जानेवारीला संपते. वर्गशिक्षिका गरोदर असतील आणि त्यांना पूर्वी कांजिण्या झालेल्या नसतील, तर त्यांची रक्ततपासणी करून गरजेप्रमाणे प्रतिपिंडांचं इंजेक्शन द्यावं लागतं. ते जितकं लवकर तितकं चांगलं, फार तर दहा दिवसांच्या आत. कर्करोगावर उपचार घेणाऱ्या मुलासाठीही हाच हिशेब. चिठ्ठी 12 तारखेला आली, तर लसीची वेळ निघून गेलेली असते आणि इंजेक्शनसाठी जेमतेम एक दिवस उरतो.

म्हणून निदान झालं त्याच दिवशी चार ओळी पाठवाव्यात. व्हॉट्सॲपवर पाठवल्या तरी चालतील, पण थेट वर्गशिक्षकांना. पालकांच्या गटावर मुलाचं नाव जाहीर करण्याची काहीच गरज नसते.

‘महोदया, माझ्या मुलाला (इयत्ता तिसरी, तुकडी ब) कांजिण्या झाल्याचं डॉक्टरांनी आज, 5 जानेवारीला सांगितलं. पहिले फोड आज सकाळी दिसले. तो शनिवारी, 3 तारखेला शाळेत आला होता. सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत त्याला घरी ठेवत आहोत. अंदाजे सोमवारी, 12 तारखेला येईल, नवे फोड येत राहिले तर उशीर होईल. त्याची बहीण पहिलीत आहे, तिला अजून काही झालेलं नाही. कृपया त्याचं नाव न सांगता वर्गातल्या पालकांना आणि शिक्षकांना कळवावं.’

चिठ्ठीतला सर्वात महत्त्वाचा तपशील म्हणजे पहिल्या फोडांची तारीख. पुढची सगळी मोजणी तिच्यावरूनच होते. परतण्याची तारीख मात्र अंदाजानेच द्यावी, कारण शाळेत पाठवायचं की नाही हे फोड पाहून ठरतं. साधारण पाच ते सात दिवसांत ते सुकतात. पाठवण्याआधी पाठ, काखा आणि केसांतली त्वचा उजेडात पाहावी. एकही पाणीदार फोड उरला नसेल आणि सगळीकडे कोरडी खपली असेल, तर मूल शाळेत जाऊ शकतं. खपल्या गळून पडेपर्यंत थांबायचं कारण नाही. लस घेतलेल्या मुलाला कधी नुसते लाल ठिपके येतात, त्यांवर खपली धरतच नाही. तिथे 24 तासांत नवा ठिपका आला नाही की पुरे.

बहिणीला ती निरोगी असेपर्यंत घरी बसवायला नको. पण 13 तारखेपासून रोज सकाळी तिचं अंग नीट पाहावं. भाऊ घरीच असल्याने तिचा संपर्क शनिवारी संपलेला नाही, तेव्हा ही पाहणी महिनाअखेरपर्यंत चालू ठेवावी.

हा नियम इतर आजारांना जसाच्या तसा लावू नये. गोवरात पुरळ आल्यानंतर चार दिवस, तर गालगुंडात सूज आल्यानंतर पाच दिवस मुलाला घरी ठेवतात.

शंभर टक्के उपस्थितीचं बक्षीस हुकेल म्हणून ओल्या फोडांसह मुलाला पाठवणारे पालक आहेत, आणि त्यांना त्या मोहात पाडणारं बक्षीसही आहे. शाळांनी संसर्गजन्य आजाराची रजा गैरहजेरीत धरू नये. पालकांनीही आठवड्यानंतर क्षमा मागण्यापेक्षा पहिल्याच सकाळी तारीख कळवावी.