फोटोतली पडलेली पापणी

समजा, पन्नाशीतल्या एका बाईंच्या कालच्या फोटोत डावी पापणी अर्ध्यावर उतरलेली दिसते. अशा वेळी आधी जुने फोटो काढावेत. चार-पाच वर्षांपूर्वीच्या फोटोंतही पापणी तशीच असेल, तर वयामुळे ती उचलणारा स्नायू सैल पडलेला असण्याची शक्यता जास्त. मग डोळ्यांच्या डॉक्टरांना सवडीने दाखवलं तरी चालतं. तुलना करताना एक लक्षात ठेवावं, काही फोनवर सेल्फीत डावं-उजवं उलटं होतं.

पापणी नव्याने पडली असेल, तर लगेच बाहुली पाहावी. आपल्या गडद तपकिरी डोळ्यांत बाहुलीची कड फोटोत नीट दिसत नाही, म्हणून ती समोरासमोर, आधी भरपूर उजेडात आणि मग अंधुक खोलीत पाहावी. उजेडात दोन बाहुल्यांमधला फरक वाढला, तर मोठी बाहुली आकसत नाही. अंधारात वाढला, तर लहान बाहुली मोठी होत नाही.

या बाईंची डावी बाहुली मोठी आहे, पापणी हाताने उचलली की त्यांना एकाचे दोन दिसतात आणि डोकंही दुखतंय. पापणी उचलणं, डोळा फिरवणं आणि बाहुली आकसणं ही तिन्ही कामं मेंदूतून येणारी एकच नस करते. बाहुलीचे तंतू या नसेच्या बाहेरच्या बाजूने जातात, म्हणून शेजारच्या रक्तवाहिनीला फुगा आला की दाब आधी त्यांच्यावर पडतो. तो फुगा फुटू शकतो. त्यामुळे चष्म्याच्या दुकानात न जाता ताबडतोब मेंदूचं स्कॅन होणारं मोठं रुग्णालय गाठायचं.

पापणी जेमतेम एक-दोन मिलिमीटर उतरलेली, त्याच बाजूची बाहुली लहान आणि मान दुखतेय, असं असेल तर मानेतली रक्तवाहिनी आतून चिरलेली असू शकते. त्यातून पक्षाघात होऊ शकतो, म्हणून तेव्हाही लगेच रुग्णालयात जावं. बाहुल्या सारख्या, पण पापणी संध्याकाळी जास्त पडत असेल, तर स्नायू लवकर थकवणाऱ्या आजाराची तपासणी करावी. गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास होत असेल, तर थांबू नये.

बाहुल्यांमधला एक मिलिमीटरपेक्षा कमी फरक साधारण पाचातल्या एका निरोगी माणसात आढळतो. तो जुन्या फोटोंतही असेल, तर काळजी नाही. धोत्र्याचा हात डोळ्याला लागला तरी बाहुली मोठी होते, पण अशा वेळी पापणी पडत नाही.

बाहुलीत पांढुरकेपणा दिसला, तर तो फ्लॅशचा प्रकाश परतल्यानेही असू शकतो. मोठ्या माणसात तो बहुधा मोतीबिंदू असतो आणि डोळा लाल किंवा दुखरा नसेल तर तपासणीला वेळ असतो. बाळाच्या फोटोत मात्र बाहुली पांढरी चमकत असेल, तर एक-दोन दिवसांतच नेत्रतज्ज्ञांकडे न्यावं, कारण ती डोळ्यातल्या कर्करोगाची खूण असू शकते. जाताना तो फोटोही सोबत न्यावा.