वीस गुण आणि एक ‘मशीद’

नववीच्या वर्गात चार मुलांचा गट ज्यू धर्मावर सादरीकरण करतो आहे, असे समजू या. एक मुलगी सांगते, “कोकणातले ज्यू आपल्या प्रार्थनास्थळाला मशीद म्हणत.” वर्गात कुजबुज सुरू होते. बाई लाल पेन उचलतात आणि वाक्यापुढे फुली मारतात.

वाक्य मात्र बरोबर असते. मराठी बोलणारे बेने इस्राएली ज्यू सिनेगॉगला मशीदच म्हणत आले. मुंबईत सॅम्युएल दिवेकर यांनी 1796 मध्ये मांडवी भागात सिनेगॉग उभारले. मस्जिद बंदर स्टेशनचे नावही त्यावरूनच पडले असे मानतात.

अशी चूक टाळायची तर रूब्रिक, म्हणजे गुण कशाला किती हे आधीच लिहून ठेवलेला तक्ता, मुलांइतकाच बाईंनाही बांधणारा हवा. वीस गुणांची एक वाटणी अशी करता येते: शोध 6, अचूकता 6, मांडणीतला आदर 4 आणि प्रत्येकाच्या वैयक्तिक उत्तराला 4.

शोधाचे गुण सादरीकरणाआधीच, वहीवरून द्यावेत. वहीत प्रत्येक मुख्य विधानापुढे ‘हे कोण सांगते?’ याचे उत्तर असावे. ‘मशीद’ या विधानापुढे पुस्तकाचे नाव आणि पान असते, तर फुली मारण्याआधी बाईंना ते पाहता आले असते. सहापैकी सहा गुणांसाठी किमान एक पुस्तक आणि त्या धर्माच्या एखाद्या माणसाशी झालेली बातचीत हवी. संकेतस्थळ वापरले असेल तर ते त्या समाजाचे आहे, अभ्यासकाचे आहे, की त्या धर्माचे खंडन करणाऱ्याचे, हेही नोंदवायला हवे. नुसते ‘गुगलवरून’ लिहिलेल्या वहीला दोनच गुण.

अचूकता तपासताना शिक्षक बहुधा तारखा आणि नावे पाहतात. खरी गफलत ‘सगळे’ या शब्दात असते. अमेरिकन अकॅडमी ऑफ रिलिजन या अभ्यासकांच्या संस्थेने 2010 मध्ये शाळांसाठी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. कोणताही धर्म आतून एकसारखा नसतो, तो काळानुसार बदलतो आणि भोवतीच्या संस्कृतीत मिसळलेला असतो, हे मुलांना कळावे, असा त्यांचा आग्रह आहे. आपल्या गटाने दोन चुका केल्या. ‘शब्बाथ शनिवारी सकाळी सुरू होतो’ ही पहिली. तो शुक्रवारच्या सूर्यास्ताला सुरू होतो. ‘सगळे ज्यू कोळंबी वर्ज्य मानतात’ ही दुसरी. खवले आणि पर असलेलाच मासा खावा, हा नियम धर्मग्रंथात आहे. तो किती पाळायचा, हे कुटुंबाकुटुंबागणिक वेगळे. तक्त्यात ‘एकदोन चुका, पण मूळ कल्पना शाबूत’ या पायरीला चार गुण आहेत. गटाला तेच मिळतात.

आदराच्या रकान्यात नुसते ‘आदरपूर्वक बोलले’ असे लिहिले, तर ते मोजणार कसे? कानाला ऐकू येईल, डोळ्यांना दिसेल असे काही लिहावे लागते. उदाहरणार्थ, श्रद्धेचे विधान करताना ‘ज्यूंच्या श्रद्धेनुसार’ असे म्हटले का? ‘विचित्र’, ‘बिचारे’ असे शब्द टाळले का? टोपी घालून प्रार्थनेची नक्कल केली का? गटातला एक जण म्हणतो, “बिचाऱ्यांना शनिवारी काहीच करता येत नाही.” एक गुण जातो. हाच मुलगा असे म्हणू शकला असता: कोकणात तेलाचे घाणे चालवणारे हे लोक शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून शेजारी त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. माहिती तीच, पण त्यात कीव नाही.

इथे दोन खबरदाऱ्या घ्यायला हव्यात. आदर म्हणजे स्तुती नव्हे. धर्मातले अंतर्गत वाद सांगितल्याबद्दल गुण कापू नयेत. आणि एकाच चुकीची शिक्षा दोनदा नको. ‘सगळे ज्यू’ ही चूक अचूकतेत मोजली, की आदराच्या रकान्यात पुन्हा मोजायची नाही.

शोधाला 4, अचूकतेला 4, आदराला 3, असे गटाचे 11 होतात. उरलेले चार गुण ज्याचे त्याचे. गटकार्यातला जुना घोळ म्हणजे एकाने राबायचे आणि चौघांनी गुण घ्यायचे. तो इथे उघड होतो. बाई प्रत्येकाला एकेक प्रश्न विचारतात. एकाला विचारले, “मांस आणि दूध एकत्र खायचे नाही, मग बेने इस्राएली घरात मटणाचा रस्सा दाट कशाने करतात?” तो पडद्याकडे बघत राहतो, त्याला 1. ‘मशीद’ सांगणारी मुलगी हात वर करते.

“नारळाच्या दुधाने, बाई. ते प्राण्याचे दूध नव्हे, म्हणून चालते.”

तिची पाळी यायची होती. बाईंनी तिला दुसरा प्रश्न विचारला, ‘मशीद’ शब्दाचा. तिने वही उघडून पान दाखवले आणि तिचे 15 झाले.