बंध तोच, वजन दुप्पट: हायड्रोजनच्या जागी ड्यूटेरियम आला की काय बदलतं?

हायड्रोजन क्लोराइड हा वायू डोळ्यांना दिसत नाही, पण अवरक्त प्रकाशाच्या वाटेत तो आला की ठरावीक ठिकाणचा प्रकाश शोषून घेतो. उपकरणाच्या कागदावर त्याचा जो वर्णपट उमटतो त्यात उभ्या रेघांची एक रांग दिसते. तिच्या बरोबर मधोमध एक मोकळी जागा असते आणि दोन्ही अंगांना रेघा पसरत जातात. रांगेचा मध्य २८८६ प्रति सेंमी या तरंगांकावर येतो आणि मधली जागा सोडली तर रेघांमध्ये साधारण वीस प्रति सेंमीचं अंतर असतं. आता याच रेणूतला हायड्रोजन काढून त्याचा जड भाऊ ड्यूटेरियम बसवला, तर रांग तशीच उमटते, पण ती २०९१ पाशी सरकलेली असते आणि रेघा जवळपास दुप्पट दाटीनं उभ्या असतात. रसायनशास्त्राच्या पदव्युत्तर प्रयोगशाळांत HCl आणि DCl यांच्या या तुलनेचा प्रयोग नेहमीचा आहे. त्यात पहिल्यांदा येणारं उत्तर सूत्राशी जुळत नाही, आणि ते का जुळत नाही हे समजलं की रेणू कळायला लागतो.

मुळात काय बदललं आणि काय बदललं नाही, हे आधी पाहू. ड्यूटेरियमच्या केंद्रकात एका प्रोटॉनबरोबर एक न्यूट्रॉन असतो, म्हणून त्याचं वजन हायड्रोजनच्या दुप्पट भरतं. विद्युतभार मात्र तेवढाच. दोन अणूंना बांधून ठेवण्याचं काम इलेक्ट्रॉन करतात आणि त्यांना केंद्रकाचा फक्त भार कळतो. म्हणून दोन्ही रेणूंत बंधाची लांबी तीच, १.२७५ अँगस्ट्रॉम, आणि बंधाचा ताठपणाही तोच, मीटरला सुमारे ५१६ न्यूटन. स्प्रिंग जुनीच ठेवून तिच्या एका टोकाचं वजन तेवढं बदलावं, असा हा प्रयोग निसर्गानंच आखून दिला आहे.

स्प्रिंग तीच राहून वजन वाढलं की कंपनं मंदावतात. पण हिशेबात कोणतं वजन धरायचं? हायड्रोजनचं एकट्याचं नाही आणि क्लोरीनचंही नाही. धिप्पाड माणूस आणि लहान मूल फुगडी घालू लागले, तर माणूस जागच्या जागी थोडासा हलतो आणि मूल मोठा फेरा घेतं. HCl मध्ये क्लोरीन त्या माणसाच्या जागी आहे. तोही थोडा हलतो, म्हणून दोघांच्या वजनांचा गुणाकार करून त्याला बेरजेनं भागतात. या संख्येला रिड्यूस्ड मास म्हणतात. ३५ वजनाचा क्लोरीन घेतला तर HCl साठी ती ०.९८० येते आणि DCl साठी १.९०४. त्यांचं गुणोत्तर १.९४४ आहे. ते पुरतं दोन का नाही? क्लोरीन हलतो म्हणून, आणि ड्यूटेरियम त्याला हायड्रोजनपेक्षा जास्त हलवतो म्हणून.

आता भाकीत करता येतं. कंपनाची वारंवारता रिड्यूस्ड मासच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात असते, म्हणून ती १.३९४ पटीनं उतरायला हवी. घूर्णन स्थिरांक, म्हणजे रेघांमधलं अंतर ठरवणारी संख्या, थेट रिड्यूस्ड मासच्याच व्यस्त प्रमाणात असतो, म्हणून तो १.९४४ पटीनं उतरायला हवा. गिरकी घेणाऱ्या रेणूचा जडपणा वजन गुणिले लांबीचा वर्ग इतका असतो, आणि लांबी तर बदललेली नाही. थोडक्यात, कंपनाच्या गुणोत्तराचा वर्ग केला की घूर्णनाचं गुणोत्तर मिळालं पाहिजे.

आता प्रत्यक्ष मोजमाप पाहू. २८८६ ला १.३९४ नं भागलं तर २०७० येतात. DCl ची रांग मात्र २०९१ वर उभी असते. एकवीस प्रति सेंमीचा हा फरक उपकरणाच्या चुकीपेक्षा कितीतरी मोठा आहे. दोन मोजमापांचं थेट गुणोत्तर काढलं तर १.३८० येतं. अनेक विद्यार्थी इथे ‘प्रायोगिक त्रुटी’ असं लिहून पुढे जातात. त्रुटी मोजमापात नसते. रेणूचा बंध आदर्श स्प्रिंग आहे, हे जे गृहीत धरलं होतं त्यात ती असते.

खरा बंध ताणत नेला की तो सैल होत जातो आणि शेवटी तुटतो. त्यामुळे कंपनाच्या ऊर्जेच्या पायऱ्या सारख्या उंचीच्या नसतात, वर जाताना त्या लहान होत जातात. हे तपासायला दुसऱ्या पायरीपर्यंतची थेट उडी मोजायची. पायऱ्या समान असत्या तर HCl ची ही उडी २८८६ च्या दुप्पट, म्हणजे ५७७२ वर दिसली असती. ती दिसते ५६६८ वर. १०४ नं कमी. हे १०४ पहिल्या पायरीत परत मिळवले की २९९० येतात. अधिक बारकाईनं केलेल्या मोजमापातून ही संख्या २९९१ ठरते. बंध अगदी किंचित हलला असता तर त्याची वारंवारता एवढी असती. DCl साठी हीच वजाबाकी सुमारे ५४ येते आणि दुरुस्त वारंवारता २१४५. आता २९९१ ला २१४५ नं भागा. उत्तर १.३९४ येतं.

या दोन वजाबाक्यांमध्येही एक नियम दिसतो. १०४ आणि ५४ यांचं गुणोत्तर १.९३ च्या जवळ आहे, म्हणजे ही दुरुस्ती वर्गमुळाच्या हिशेबानं नाही, तर थेट रिड्यूस्ड मासच्या हिशेबानं उतरते. कारण सरळ आहे. जड अणू कमी हेलकावे घेतो, बंधाच्या सैल भागापर्यंत कमी जातो, म्हणून त्याच्या पायऱ्या समानतेच्या अधिक जवळ राहतात. HCl ची पहिली पायरी जास्त खचलेली आणि DCl ची कमी, म्हणूनच थेट गुणोत्तर १.३८० पर्यंत घसरलं होतं.

घूर्णनाच्या बाबतीतही तसंच घडतं. रेघांवरून HCl च्या सर्वांत खालच्या पायरीचा घूर्णन स्थिरांक १०.४४० निघतो आणि DCl चा ५.३९२. गुणोत्तर १.९३६, अपेक्षित १.९४४ पेक्षा थोडं कमी. रेणू सर्वांत खालच्या पायरीवरही स्थिर नसतो. तिथेही तो थरथरत असतो, आणि बंध दाबण्यापेक्षा ताणणं सोपं असल्यामुळे त्याची सरासरी लांबी किंचित वाढलेली असते. HCl ची जास्त, DCl ची कमी. पहिल्या वरच्या पायरीवर हेच स्थिरांक १०.१३७ आणि ५.२८० होतात. पायरी चढताना स्थिरांक जितका कमी होतो, त्याच्या निम्मा खालच्या पायरीच्या आकड्यात मिळवला की थरथर वजा केलेल्या रेणूचा स्थिरांक मिळतो: HCl साठी १०.५९२ आणि DCl साठी ५.४४८. भागाकार १.९४४. दोन वेगवेगळ्या गतींवरून काढलेली उत्तरं अशी एकमेकांची साक्ष देतात.

प्रयोगशाळेत मात्र दोन ठिकाणी पाय घसरतो. जड पाण्याची बेंझॉइल क्लोराइडशी क्रिया करून DCl तयार करतात. काचेच्या भांड्याच्या आतल्या पृष्ठभागावर साध्या पाण्याचा जो पातळ थर चिकटलेला असतो, त्यातला हायड्रोजन ड्यूटेरियमशी जागा बदलतो आणि पाहता पाहता नमुन्यात HCl तयार होतं. ओळखायची खूण सोपी आहे: २८८६ पाशी दुसरी रांग उगवते. भांडं आधी जड पाण्यानं खंगाळून कोरडं केलं तर ती बरीच दबते.

दुसरी चूक मोजताना होते. बारकाईनं पाहिलं तर प्रत्येक रेघ जोडरेघ असते. निसर्गात क्लोरीनचे ३५ आणि ३७ वजनाचे समस्थानिक साधारण तीनास एक या प्रमाणात असतात, म्हणून मोठ्या रेघेच्या कमी तरंगांकाच्या बाजूला एक छोटी रेघ दिसते. HCl ची मोठी रेघ आणि DCl ची छोटी रेघ अशी गल्लत झाली की तिसऱ्या दशांशाला हिशेब बिघडतो. ही जोडरेघ HCl मध्ये सुमारे दोन प्रति सेंमीनं फाटते, तर DCl मध्ये तीननं. जड ड्यूटेरियम क्लोरीनला जास्त हलवतो, म्हणून क्लोरीनच्या वजनातला फरकही तिथे जास्त ठळक दिसतो.

या जोडरेघांनाही इतिहास आहे. अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठात एल्मर आइम्स या कृष्णवर्णीय भौतिकशास्त्रज्ञानं HCl च्या रेघा बारकाईनं मोजल्या आणि १९१९ मध्ये प्रसिद्ध केल्या. मोठ्या रेघांच्या शेजारी दिसणारे लहान उंचवटे क्लोरीनच्या दोन समस्थानिकांमुळे आहेत, हे लूमिस आणि क्रात्झर यांनी १९२० मध्ये स्वतंत्रपणे दाखवलं. पुढे हॅरोल्ड युरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ड्यूटेरियम शोधला. त्यांचा सविस्तर लेख १९३२ साली आला आणि त्याच वर्षी मिशिगनमध्येच हार्डी, बार्कर आणि डेनिसन यांनी जड हायड्रोजनच्या HCl चा अवरक्त वर्णपट मोजला. नव्या समस्थानिकाचं वजन वर्णपटावरून पडताळण्याचा तो एक मार्ग होता.

या आकड्यांचा परिणाम वर्णपटापुरता थांबत नाही. सर्वांत खालच्या पायरीवरची थरथरीची ऊर्जा, म्हणजे शून्यबिंदू ऊर्जा, HCl मध्ये १४८२ प्रति सेंमी आहे आणि DCl मध्ये १०६६. बंध तोच असला तरी DCl चा रेणू सुमारे ४१६ प्रति सेंमीनं, म्हणजे मोलमागे जवळपास पाच किलोज्यूलनं, खोल बसलेला असतो. त्यामुळे ड्यूटेरियमचा बंध तोडायला तेवढी जास्त ऊर्जा लागते. ज्या अभिक्रियेत हाच बंध तुटणं ही सर्वांत मंद पायरी असते, तिचा वेग ड्यूटेरियम घातल्यावर स्पष्टपणे घटतो. एखाद्या अभिक्रियेत हायड्रोजनचा कोणता बंध निर्णायक क्षणी तुटतो हे रसायनशास्त्रज्ञ याच खुणेवरून ओळखतात.

या नियमालाही मर्यादा आहे. इलेक्ट्रॉनांना केंद्रकाचं वजन अजिबात कळत नाही, हे विधान पूर्ण खरं नाही. फार अचूक मोजमापात दुरुस्त गुणोत्तरंही लाखात काही भागांनी हटलेली दिसतात, कारण हलत्या केंद्रकाच्या मागे इलेक्ट्रॉन अगदी तत्क्षणी जात नाहीत. हायड्रोजनसारख्या हलक्या अणूत हा फरक सर्वांत जास्त जाणवतो.

हा प्रयोग करणाऱ्या विद्यार्थ्यांना म्हणून एवढंच सांगणं आहे. १.३८० हे उत्तर आलं तर ते खोडू नका आणि त्याखाली ‘त्रुटी’ असंही लिहू नका. दुसऱ्या पायरीची उडी मोजा, दुरुस्ती करा आणि मग भागाकार करा. १.३८० आणि १.३९४ यांच्यातला फरक हे त्या बंधाच्या सैलपणाचं मोजमाप आहे, आणि ते तुम्ही स्वतः केलेलं असेल.