प्रायोजकाला नेमके काय मिळते?

वर्गणी आणि प्रायोजकत्व या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वर्गणी देणारा दुकानदार शेजारधर्म म्हणून किंवा श्रद्धेपोटी पैसे देतो आणि पावती गल्ल्यात टाकून विसरून जातो. प्रायोजक पैसे देतो ते आपल्या दुकानाचे नाव ठरावीक लोकांसमोर, ठरावीक ठिकाणी आणि ठरलेल्या वेळी दिसावे म्हणून. त्याच्या लेखी हा जाहिरातीचा खर्च असतो. महाविद्यालयातील मुले बहुतेकदा वर्गणीच्या भाषेत प्रायोजकत्व मागतात, ‘आमचा कार्यक्रम आहे, काहीतरी मदत करा’ असे म्हणतात, आणि मग पाचशे रुपयांवर बोळवण होते. त्यात दुकानदाराचा दोष नसतो. मदत मागितली म्हणून त्याने मदतीपुरते दिलेले असते.

तालुक्याच्या गावातील एखाद्या महाविद्यालयाने जानेवारीत आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा घ्यायचे ठरवले, असे उदाहरण घेऊ. पुण्यात महाराष्ट्रीय कलोपासक ही संस्था 1963 पासून पुरुषोत्तम करंडक भरवते. तशा स्पर्धेला नावाची पुण्याई असते. तालुक्याच्या स्पर्धेला ती नसते, म्हणून तिचा हिशेब पायापासून मांडावा लागतो. ध्वनी आणि प्रकाशयोजनेचे 25,000, बक्षिसांचे 21,000, परीक्षकांचा प्रवास आणि मानधनाचे 12,000, चहा-जेवणाचे 15,000 आणि छपाईचे 7,000 धरले तर एकूण खर्च 80,000 रुपये होतो. महाविद्यालयाने 30,000 दिले आणि बारा संघांकडून प्रत्येकी 500 प्रमाणे 6,000 प्रवेशशुल्क आले, तरी 44,000 रुपये कमी पडतात.

ही तूट प्रायोजकाला सांगून फारसा उपयोग नाही, कारण ती त्याची अडचण नाही. आपल्याकडे विकण्यासारखे काय आहे, ते आधी शोधावे लागते. या टप्प्यावर बहुतेक समित्यांना पहिल्यांदा सुचतो तो रंगमंचामागचा मोठा फ्लेक्स, आणि एकांकिका स्पर्धेत तोच सर्वांत निरुपयोगी ठरतो. नाटकाला मागे काळा पडदा लागतो. प्रयोग सुरू असताना प्रेक्षागृहात अंधार असतो आणि कोणताही संघ आपल्या नेपथ्यामागे दुचाकीच्या शोरूमचे नाव चालवून घेणार नाही. दिवसभरात तो फ्लेक्स दिसतो फक्त उद्घाटनाला आणि बक्षीस समारंभाला. प्रायोजकाला ‘स्टेजवर तुमचा बॅनर’ असे सांगितले आणि तो दुपारी सहज डोकावला, तर त्याला समोर काळा पडदाच दिसतो.

खरी जागा वेगळीकडे असते. दोन एकांकिकांमध्ये नेपथ्य बदलायला आठ-दहा मिनिटे लागतात. प्रेक्षक जागेवरच असतात, दिवे लागलेले असतात आणि ऐकायला दुसरे काही नसते. बारा प्रयोगांच्या मध्ये अशी अकरा मध्यंतरे येतात, आणि त्यांतली घोषणा दिवसभरात सर्वांत नीट ऐकली जाते. दुसरी जागा निवेदकाच्या पोडियमची. त्याच्या दर्शनी भागावरचे नाव प्रत्येक भाषणाच्या छायाचित्रात येते आणि तीच छायाचित्रे स्थानिक वर्तमानपत्रांकडे जातात. प्रवेशद्वाराजवळ रांग लागते तिथला स्टँडी, प्रवेशपासाची मागची बाजू आणि सहभागाचे प्रमाणपत्र याही जमेच्या जागा आहेत. प्रमाणपत्र तर मुले वर्षानुवर्षे फाइलमध्ये जपून ठेवतात.

जागा ठरल्या की कोणाकडे जायचे, हे आपोआप उलगडत जाते. बारा संघ म्हणजे कलाकार आणि तंत्रज्ञ धरून दीडशेच्या आसपास बाहेरगावची मुले, आणि समोर आपल्या महाविद्यालयाचे पाच-सहाशे विद्यार्थी. या वयाच्या गिऱ्हाइकावर ज्याचा धंदा चालतो त्याच्याकडे आधी जावे: दुचाकीचे शोरूम, मोबाइलचे दुकान, स्पर्धा परीक्षेचे क्लास, चष्म्याचे दुकान, केक आणि स्नॅक्सचे दुकान. खत-बियाण्यांचा दुकानदार गावात कितीही मोठा असला आणि मनाने कितीही उदार असला, तरी त्याला या गर्दीचा उपयोग नाही. त्याच्याकडून वर्गणी घ्यावी, प्रायोजकत्व मागू नये. बँकेच्या शाखेकडे जायचे तर दोन-तीन महिने आधी जावे, कारण शाखाधिकाऱ्याला सहसा वरच्या कार्यालयाची मंजुरी लागते. दुकानाचा मालक मात्र गल्ल्यावर बसल्या-बसल्या निर्णय घेतो.

त्याला गाठण्याची वेळ हा निम्मा प्रश्न आहे. नवरात्रापासून दिवाळीपर्यंत दुकानदाराला मान वर करायला फुरसत नसते. दिवाळी संपली की तो मोकळा होतो आणि हातात पैसाही असतो. जानेवारीच्या कार्यक्रमासाठी तुळशीच्या लग्नानंतरचे दिवस सर्वांत बरे. आठवडी बाजाराचा दिवस टाळावा, दुपारी दोन-तीनच्या सुमारास जावे आणि दोघांनीच जावे. आठ जणांचा घोळका दुकानात शिरला की गिऱ्हाईक बाहेरच थांबते आणि शेठचे लक्ष उडते.

सोबत महाविद्यालयाच्या लेटरहेडवर प्राचार्यांच्या सहीचे एका पानाचे पत्र असावे. कार्यक्रम कोणता, कधी, कुठे, प्रेक्षक कोण आणि किती, दुकानाचे नाव कुठे-कुठे दिसेल, त्यासाठी किती रक्कम आणि ती कोणत्या खात्यात, एवढे त्यात पुरे. महाविद्यालयाचा इतिहास आणि कलेची थोरवी यांवर घातलेले परिच्छेद कोणी वाचत नाही. दुकानदाराचा पहिला प्रश्न जवळजवळ ठरलेला असतो: “पोरं किती येतील?” इथे फुगवून सांगण्याचा मोह होतो. सभागृहात पाचशे खुर्च्या आहेत हे त्यालाही ठाऊक असते, कारण तो याच गावात वाढलेला असतो. ‘एका वेळी साडेचारशे, दिवसभरात येऊन-जाऊन सातशे’ हे उत्तर ‘तीन हजार’ या उत्तरापेक्षा जास्त पैसे आणते.

रक्कम ठरवताना आपली तूट भागिले प्रायोजक असे गणित करू नये. तेवढ्याच पैशात दुकानदाराला दुसरीकडे काय मिळते, ते पाहावे. वर्तमानपत्रातून पत्रके टाकायला, रिक्षा फिरवायला, चौकातले होर्डिंग महिनाभर घ्यायला किती पडतात, याची चौकशी गावात तासाभरात होते. आपली मागणी त्या आकड्यांच्या आसपास असेल तर बोलणे पुढे सरकते. उदाहरणातले 44,000 असे उभे राहू शकतात: दुचाकीचे शोरूम मुख्य प्रायोजक म्हणून 20,000 देते, त्याला पोडियम, प्रवेशद्वार आणि अकराही मध्यंतरांतली घोषणा मिळते. चष्म्याचे दुकान 5,000 देऊन पासाची मागची बाजू घेते आणि अभिनयाच्या पारितोषिकाला आपले नाव देते. केटरर रोख देत नाही, पण 9,000 रुपयांचे जेवण देतो आणि जेवणाच्या ठिकाणी त्याचा फलक लागतो. उरलेले 10,000 माहितीपुस्तिकेतल्या पाच जाहिरातींतून येतात. वस्तुरूपाने मिळणारे प्रायोजकत्व मुले कमी लेखतात, ते बरोबर नाही. केटररला ते जेवण स्वतःच्या खर्चाच्या भावात पडते, म्हणून तो रोखीपेक्षा सहज ‘हो’ म्हणतो, आणि समितीची मात्र बाजारभावाने बचत होते.

एका धंद्यातला एकच प्रायोजक, हा नियम पहिल्या भेटीतच सांगून टाकावा. दोन प्रतिस्पर्धी क्लासची नावे एकाच फ्लेक्सवर शेजारी-शेजारी आली, तर पुढच्या वर्षी दोघेही येत नाहीत. कोणाचे पैसे घेऊच नयेत, हेही ठरलेले हवे. 2003 च्या केंद्रीय कायद्याने तंबाखूजन्य पदार्थांची जाहिरात आणि त्यासाठीचे प्रायोजकत्व दोन्हींवर बंदी आहे. त्याच नावाने विकल्या जाणाऱ्या दुसऱ्या एखाद्या वस्तूचा फलक पुढे केला जातो, तेव्हा समितीने ते ओळखायला हवे. गावात फ्लेक्स लावायचा तर नगरपालिकेची परवानगी घ्यावी लागते. 1995 च्या मालमत्ता विद्रूपीकरणविरोधी कायद्याखाली विनापरवाना फलकावर गुन्हा दाखल होऊ शकतो, आणि त्या फलकावर नाव प्रायोजकाचे असते. त्याच्यासाठी ही प्रसिद्धी नको त्या प्रकारची ठरते.

पैसे विद्यार्थ्याच्या मोबाइलवरच्या क्यूआर कोडवर घेऊ नयेत, महाविद्यालयाच्या किंवा संस्थेच्या खात्यातच घ्यावेत. त्यात प्रायोजकाचेही हित आहे. धंद्याच्या खर्चासाठी एका व्यक्तीला एका दिवसात 10,000 रुपयांपेक्षा जास्त रोख दिले, तर प्राप्तिकराच्या हिशेबात तो खर्च सहसा धरला जात नाही. पावतीवर ‘देणगी’ न लिहिता ‘जाहिरात व प्रायोजकत्व’ असे लिहावे. दुकानदाराचा सीए जाहिरातीचा खर्च नफ्यातून वजा करू शकतो, देणगीचे नियम वेगळे आहेत. महाविद्यालयाची जीएसटी नोंदणी असेल तर लेखापालाला विचारूनच बिल करावे. निम्मी रक्कम ठरल्याबरोबर आणि उरलेली कार्यक्रमापूर्वी मिळावी, असे पत्रातच लिहिलेले बरे. पडदा पडल्यावर चेक मिळवणे फार जिकिरीचे होते.

यानंतर येतो तो वरकरणी क्षुल्लक वाटणारा, पण सर्वाधिक रुसवेफुगवे घडवणारा भाग, म्हणजे लोगो. शेठ व्हॉट्सॲपवर व्हिजिटिंग कार्डाचा फोटो पाठवतात. तोच ताणून दहा फुटांच्या फ्लेक्सवर छापला की अक्षरे फाटतात, रंग बदलतो आणि फोन नंबरातला आठ तीनसारखा दिसू लागतो. मूळ फाइल दुकानाच्या पाटीचे काम ज्याने केले त्या फ्लेक्सवाल्याकडे असते. ती कोरल ड्रॉ किंवा पीडीएफमध्ये मागून घ्यावी. छपाईआधी नमुना शेठना दाखवून त्यांचे ‘चालेल’ लेखी घ्यावे, निदान व्हॉट्सॲपवर तरी. फ्लेक्स लागल्यानंतरही लक्ष ठेवावे लागते. कार्यक्रमाच्या सकाळी प्रमुख पाहुण्यांचे कार्यकर्ते स्वागताचा फलक घेऊन येतात आणि नेमका प्रवेशद्वारावरच्या प्रायोजकावर बांधतात. सकाळपासून तिथे एक स्वयंसेवक उभा ठेवला तर हे टळते.

कार्यक्रम संपल्यावर आठवड्याच्या आत प्रायोजकाकडे पुन्हा जावे. पोडियमची, प्रवेशद्वाराची, भरलेल्या सभागृहाची छायाचित्रे, वर्तमानपत्रांतली कात्रणे, माहितीपुस्तिकेची प्रत आणि किती पास वाटले तो खरा आकडा, एवढे एका फाइलमध्ये नेऊन द्यावे. एखादी घोषणा राहून गेली असेल तर तेही सांगावे आणि त्याची भरपाई म्हणून महाविद्यालयाच्या पुढच्या कार्यक्रमात जागा देऊ करावी. चष्म्याच्या दुकानाचे मोजमाप आणखी सोपे आहे. पासाच्या मागे ‘हा पास दाखवल्यास सवलत’ असे छापले असेल, तर महिनाअखेरीस त्यांच्या काउंटरवर किती पास जमले ते मोजता येतात. पंधरा-वीस चष्मे त्यातून विकले गेले असतील, तर पुढच्या वर्षी मुख्य प्रायोजकत्वाची बोलणी त्याच काउंटरवर सुरू करता येतात. दोन-तीनच पास आले असतील, तर त्या दुकानदाराला तीच जागा पुन्हा विकू नये आणि पासाची मागची बाजू मोबाइलच्या दुकानाला किंवा केकच्या दुकानाला देऊन पाहावी.