पेज, माँड़ आणि लाल शाई

आमच्या गोंदिया जिल्ह्याच्या उत्तरेला मध्य प्रदेशातला बालाघाट आणि पूर्वेला छत्तीसगड. त्यामुळे मराठी माध्यमातून शिकलेली आमची पोरे कविता मात्र पुष्कळदा हिंदीत लिहितात. ही हिंदी पाठ्यपुस्तकातली नसते. ती बाजारातून, कबीराच्या भजनांतून आणि रोवण्याला आलेल्या छत्तीसगढी मजुरांच्या बोलण्यातून कानावर पडलेली असते. महाविद्यालयाच्या वार्षिकांकासाठी अशा कविता तपासायचे काम माझ्याकडे आहे. ते करताना माझ्याच हातून झालेल्या एका चुकीतून मी जे शिकलो, ते इथे मांडतो.

बीडी वळणाऱ्या आईवर एका विद्यार्थिनीने लिहिलेली कविता माझ्याकडे आली. वहीत ती अशी होती:

माँ ने पी ली ठंडी पेज
टाट बिछा के कर ली सेज
दुख को बाधा पत्ते बीच
धागा कस कर लीना खिच
हजार गिन के लाई शाम
आधी छाँट,
न पूरा दाम

मी लाल शाई घेतली आणि पहिला घाव 'पेज'वर घातला. हिंदीचा वाचक 'पेज' म्हणजे पुस्तकाचे पान समजेल, म्हणून तिथे 'माँड़' लिहिले. 'दुख'चे 'दुःख' केले, 'लीना'चे 'लिया' केले आणि शेवटच्या दोन तुकड्यांची एक ओळ जोडली. मग 'माँड़' आणि 'सेज' यांचे यमक जमेना, म्हणून 'सेज' बदलण्यासाठी शब्द शोधू लागलो. तिथे थांबलो. एका दुरुस्तीसाठी दुसरी धडधाकट ओळ मोडावी लागत असेल, तर पहिली दुरुस्तीच तपासून पाहायला हवी.

मी शाई बाजूला ठेवली, पेन्सिल घेतली आणि कविता मोठ्याने वाचून मात्रा मोजल्या. रीत साधी आहे. ह्रस्व अक्षराची एक मात्रा, दीर्घाची दोन. जोडाक्षराच्या आधीचे आणि अनुस्वाराचे ह्रस्व अक्षर दीर्घ धरतात. चंद्रबिंदूने मात्रा वाढत नाही. या हिशेबाने पहिली ओळ भरते पंधरा मात्रांची, दुसरीही पंधरा, आणि दोन्हींचा शेवट गुरू-लघू असा. हिंदी छंदशास्त्रात याला चौपई म्हणतात. पोरीला हे नाव ठाऊक नव्हते; भजन ऐकून तिच्या कानाने ते माप उचलले होते.

हे माप हाती आल्यावर माझ्या दुरुस्त्या एकेक करून उघड्या पडल्या. 'दुख'च्या दोन मात्रा, 'दुःख'च्या तीन. हिंदीत दोन्ही रूपे चालतात. पण विसर्ग घातला की ओळ सोळा मात्रांची होते. 'लीना'च्या चार मात्रा, 'लिया'च्या तीन. म्हणजे तिथे ओळ एका मात्रेने कमी होऊन लंगडते. 'लीना' हे भजनातले जुने रूप आहे, ते चुकून आलेले नाही.

पण याच मापाने खरी चूकही पकडून दिली. 'खिच' या शब्दाने ओळ चौदा मात्रांची होते, आणि वरच्या 'बीच'शी यमकही जुळत नाही. 'खींच' लिहिले की दोन्ही जागेवर येतात. म्हणजे यमक नेहमी दुरुस्तीच्या आड येते असे नाही. पुष्कळदा चूक कुठे आहे ते तेच दाखवते. मात्र यमक अगदी तंतोतंत व्हावे म्हणून 'खींच'वरचा बिंदू काढू नये. 'बीच' आणि 'खींच' एवढे जुळणे कानाला पुरते.

मात्रांची मर्यादाही इथेच दिसते. 'बाधा' आणि 'बाँधा' यांच्या मात्रा सारख्याच. पण 'बाधा' म्हणजे अडथळा, आणि आईने तर दुःख पानात बांधले आहे. इथे चंद्रबिंदू राहून गेला आहे हे अर्थच सांगतो. 'बिछा के'चे व्याकरणशुद्ध रूप 'बिछाकर', मात्रा तेवढ्याच. पण मग ओळ 'बिछाकर कर ली' अशी होते आणि जीभ अडखळते. ते फक्त मोठ्याने वाचल्यावर कळते. आम्हा मराठी माणसांची आणखी एक खोड इथे सांगून ठेवतो. आपण मराठीच्या सवयीने 'शक्ती', 'कवी' लिहितो. हिंदीत ते 'शक्ति', 'कवि' असे ह्रस्व असतात. ही दुरुस्ती करावीच, पण करताना एक मात्रा कमी होते हे ध्यानात ठेवून ओळ पुन्हा मोजावी.

आता ओळी तोडण्याचा प्रश्न. 'आधी छाँट' यात सात मात्रा, 'न पूरा दाम' यात आठ, बेरीज पंधरा. बेरीज जमली म्हणून मी दोन्ही जोडल्या होत्या. वही पुन्हा पाहिली तेव्हा दिसले की 'छाँट'नंतर उजवीकडे अर्धी ओळ कोरी होती. जागा संपल्यामुळे ओळ दुमडली असती, तर ती कागदाच्या कडेला जाऊन दुमडली असती. मोबाइलवर आलेल्या कवितेत ही खूण मिळत नाही, कारण तिथे पडद्याची रुंदीच ओळ दुमडते. तेव्हा कवीकडून कागदावरची प्रत मागवावी. आणि या तोडीला अर्थही आहे. बीडीची मजुरी हजारावर मिळते. ठेकेदार बीड्या निवडून खराब म्हणून बाजूला टाकतो, त्याला छाट म्हणतात. तो टाकत असताना बाई समोर उभी असते. 'छाँट'नंतरची कोरी जागा म्हणजे ते उभे राहणे आहे.

'पेज'बद्दल मी तिलाच विचारले. ती म्हणाली, "सर, माँड भातातून गाळतात. पेज वेगळी शिजवतात. आई पेज प्यायली." माझ्याही घरी पेजच शिजत होती, तरी लाल शाई हातात येताच मला ती आठवली नाही. टाटाला 'सेज' का म्हटले, हेही विचारले. सेज म्हणजे सजवलेली शय्या. "म्हणूनच," एवढेच ती म्हणाली. 'खींच' आणि 'बाँधा' मात्र तिने लगेच मान्य केले.

हिंदीतला एक दाखला इथे आठवतो. महावीरप्रसाद द्विवेदी 1903 पासून 'सरस्वती'चे संपादक होते आणि लेखकांची भाषा खडीबोलीच्या शिस्तीत बसवण्याबद्दल प्रसिद्ध होते. त्याच 'सरस्वती'त सप्टेंबर 1914 मध्ये हीरा डोम यांची 'अछूत की शिकायत' ही कविता भोजपुरीतच छापून आली. ती खडीबोलीत बसवून घेतली असती, तर आज हिंदी दलित कवितेचा आरंभ शोधणाऱ्यांच्या हाती एक शुद्ध आणि मुका कागद राहिला असता.

तेव्हापासून माझा क्रम ठरला आहे. आधी मोठ्याने वाचायचे, मग यमकाच्या जोड्यांखाली रेघ मारायची, मग मात्रा मोजायच्या आणि शुद्धलेखन सर्वांत शेवटी. यमकाच्या जागी असलेल्या शब्दाला कवीला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. मुक्तछंदात मात्रांचा आधार नसतो. तिथे विचारण्यावाचून इलाजच नाही. कवी भेटतच नसेल तर शब्द तसाच ठेवून खाली अर्थ द्यायचा. आमच्या अंकात कविता दोन दुरुस्त्यांसह छापली, आणि तळाशी एक ओळ दिली: पेज, तांदळाची पातळ कांजी.