पाकिटावरील घटकसूची आणि आमची रुग्णपत्रिका

जीर्ण शीतपित्ताच्या एका रुग्णेस सोयाबीनची ॲलर्जी असल्याचे तपासणीत ठरले होते. ती रोज खात असलेल्या नाचणीच्या बिस्किटांच्या वेष्टनाचे छायाचित्र तिने पाठविले व आम्ही घटकसूची रुग्णपत्रिकेत उतरवून घेतली. मात्र उतरविताना 'इमल्सिफायर' एवढेच लिहिले आणि कंसातील '३२२, सोया लेसिथिन' हे शब्द गाळले. पुढे पंधरा दिवस ती बिस्किटे पथ्यात राहिली. अंगावरील गांधी त्यांमुळेच उठल्या असा आमचा दावा नाही. पण जे वर्ज्य सांगावयास हवे होते ते सांगितले गेले नाही, हे खरे.

त्यानंतर तेच छायाचित्र पुढे ठेवून आम्ही सूची अक्षरशः लिहिली: मैदा ५२%, साखर, पामतेल, नाचणीचे पीठ ८%, इन्व्हर्ट सिरप, दुधाचे घनपदार्थ १.२%, मीठ, आणि कंसांसह फुगविणारी द्रव्ये व इमल्सिफायर. भारतातील नियमानुसार घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात. त्यामुळे साखर आणि पामतेल यांच्यापुढे आकडा नसला, तरी दोन्ही नाचणीहून कमी नाहीत हे क्रमच सांगतो. नाव नाचणीचे, खाणे मात्र मैदा-साखरेचे! नाचणीला प्रथम स्थान देऊन सूची लिहिली असती, तर हे कळलेच नसते.

क्रम वाचनातील चूकही पकडतो. वेष्टनावरील चकाकीमुळे दशांशचिन्ह पुसट होऊन १.२ चे १२ वाचले गेले होते. परंतु ८ टक्क्यांच्या खाली १२ टक्के येणे शक्य नाही.

पोषणतक्त्यास असाच पडताळा आहे. १०० ग्रॅममागे प्रथिने ६.५, कर्बोदके ७२, आणि मेद आम्ही १३.५ असे वाचले. प्रथिने व कर्बोदके यांना चाराने, मेदास नवाने गुणून बेरीज ४३५.५ आली, छापील ऊर्जा होती ४८० किलोकॅलरी. पुन्हा पाहता मेद १८.५ निघाला व बेरीज ४८०.५ झाली. अर्ध्या-एक कॅलरीचा फरक पूर्णांकनाचा. 'त्यापैकी शर्करा' ही ओळ मात्र कर्बोदकांच्या पोटात, किंचित आत सरकवूनच लिहावी. ती बेरजेत धरावयाची नसते. तंतूंचे प्रमाण मोठे असेल तेथे हा हिशेब इतका जुळत नाही.

ॲलर्जीविषयक इशारा शेवटी, स्वतंत्र ओळीत असतो. 'गहू, दूध, सोया आहे' आणि 'तीळ असू शकतात' ही दोन विधाने एकत्र करू नयेत. पहिले घटकाविषयी आहे, दुसरे कारखान्यातील संसर्गाच्या शक्यतेविषयी. छायाचित्रात वेष्टनाची घडी आली आणि ही ओळ दिसत नसली, तर 'इशारा नाही' असे न लिहिता 'छायाचित्रात दिसत नाही' असे लिहून आम्ही दुसरे छायाचित्र मागवितो. त्या रुग्णेच्या दुसऱ्या छायाचित्रात 'सोया' हा शब्द ठळक अक्षरांत होता.